अनोळखी पाहुणे आणि यजमानाची अमानत

पाहुण्यांचा मान राखावा, हे आपणास कोणी नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. दारी आलेल्याला उपाशी परत न पाठविणाऱ्या घरांतच आपण वाढलो आहोत. परंतु एक प्रश्न असा आहे की ज्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. आपण पाच-सहा माणसे जेवणास बोलावतो. ती सर्व आपल्या ओळखीची असतात, पण एकमेकांच्या ओळखीची नसतात. अशा वेळी त्यांच्या पोटाची जबाबदारी आपण घेतलेली असतेच. त्यांच्या परस्परांतील संकोचाची जबाबदारी कोणाची? आणि तो संकोच दूर करण्यासाठी एकाविषयी दुसऱ्याला काय सांगण्याचा आपणास अधिकार आहे?

हा प्रश्न मला एका चुकीमुळे पडला. ती चूक प्रथम सांगतो.

तीन वर्षांपूर्वी नंदुरबार येथील माझ्या घरी एक छोटी दावत होती. पाहुण्यांमध्ये सुरतेहून आलेले एक गृहस्थ होते. सुमारे वीस वर्षे त्यांनी तेथे यंत्रमागांवर काम केले होते. काम सुटल्यामुळे ते कुटुंबासह सासुरवाडीच्या आश्रयाने आमच्या गावी आले होते. त्यांचे काही भले व्हावे, अशी माझी मनापासून इच्छा होती. म्हणून सर्व जण बसल्यावर मी त्यांची ओळख करून दिली, ती अशी: “हे आपले सुरतेचे भाई. बिचाऱ्यांचे काम सुटले आहे. कोणाच्या पाहण्यात काही असेल तर जरूर लक्ष ठेवा.” सर्वांनी सहानुभूतीने माना डोलावल्या. एकाने ‘अल्लाह आसान करेगा’ म्हटले. त्यानंतर त्यांच्याशी कोणी बोललेच नाही. बोलणार तरी काय? त्यांच्याविषयी जे सांगण्यासारखे होते ते मीच सांगून टाकले होते, आणि त्यावर दुआ देण्यापलीकडे कोणाजवळ उत्तर नव्हते. ते दोन घास खाऊन, मुलाला ताप असल्याचे सांगून, सर्वांच्या आधी उठले. पुढे दोनदा बोलावूनही ते आले नाहीत.

आता याच्या शेजारी मदीनेतील एक प्रसंग ठेवून पाहा. हिजरतीनंतर मक्केतून घरदार सोडून आलेले मुहाजिर आणि मदीनेचे रहिवासी अन्सार हे बहुतांशी एकमेकांस अपरिचित होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांच्यात मुआखात, म्हणजे बंधुत्वाचे नाते, जोडले. हजरत अनस (रजि.) यांच्या निवेदनानुसार हा करार त्यांच्या घरी झाला होता. येथे प्रेषितांनी (स.) ‘सर्वांनी सर्वांशी मिळून-मिसळून राहावे’ असा केवळ सर्वसाधारण उपदेश केला नाही. माणसामाणसांच्या जोड्या लावल्या. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांचे नाते हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांच्याशी जोडले गेले. सअद (रजि.) हे अन्सारांतील संपन्न गृहस्थ. त्यांनी आपली अर्धी संपत्ती पुढे ठेवली. अब्दुर्रहमान (रजि.) यांनी त्यांच्या संपत्तीत बरकतीची दुआ केली आणि एवढेच विचारले की येथील बाजार कोठे आहे. ते बाजारात गेले आणि पनीर व तूप यांची खरेदी-विक्री करून काही कमाई घेऊन परतले.

या प्रसंगातील सअद (रजि.) यांच्या उदारतेविषयी आपण पुष्कळ ऐकतो. मला अब्दुर्रहमान (रजि.) यांचा प्रश्न अधिक विचार करण्यासारखा वाटतो. ते सर्वस्व सोडून आले होते, तरी ते व्यापारी होते. घरदार मक्केत राहिले. व्यापाराचे ज्ञान त्यांच्याबरोबर आले. त्यांना नव्या गावात हवी होती ती त्या ज्ञानाला वाव देणारी वाट. सुरतेच्या त्या गृहस्थांजवळही वीस वर्षांचे ज्ञान होते. मी मात्र ते न सांगता त्यांनी गमावलेल्या गोष्टीवरून त्यांची ओळख करून दिली. बोललो त्यातील एक शब्दही खोटा नव्हता, पण ती माहिती उघड करण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नव्हता. आपल्या अडचणीची गोष्ट त्यांनी मला विश्वासाने सांगितली होती. बैठकीत ऐकलेली गोष्ट ही अमानत असते, हे आपण जाणतो. एका बैठकीत ऐकलेली गोष्ट दुसऱ्या बैठकीत सद्हेतूने सांगितली तरी अमानतीचा भंग व्हायचा तो होतोच.

याच्या उलट टोकाची चूकही आपल्याकडे नित्य होते. ‘हे मोठे साहेब’, ‘यांची शंभर एकर बागायत’, अशी ओळख करून दिली की बाकीचे सावरून बसतात आणि ऐकण्याची भूमिका घेतात. एक बोलतो, पाच ऐकतात. तिसरा प्रकार म्हणजे बिरादरी, गाव आणि मस्लक यांवरून करून दिलेली ओळख. तिने दोन माणसे चटकन जवळ येतात खरी, पण उरलेली त्याच क्षणी बाहेर पडतात. सूरह अल्-हुजुरातमध्ये मानवांची राष्ट्रे व कुळे कशासाठी केली हे सांगताना परस्परांना ओळखणे हा हेतू स्पष्ट केला आहे. आपण मात्र कुळ कळले की ओळख पूर्ण झाली असे समजून तेथेच थांबतो.

मग सांगावे काय? माझ्या मते, त्या माणसाजवळ असलेली अशी एक खरी गोष्ट सांगावी, जिच्याविषयी दुसऱ्याला काही विचारावेसे वाटेल. ही गोष्ट दोन बाजूंची असते. ती एकाला येत असली पाहिजे आणि दुसऱ्याला तिचे काही कारण असले पाहिजे. म्हणून ती ऐनवेळी सुचत नाही. आमंत्रण देण्यापूर्वीच प्रत्येक पाहुण्यासाठी ‘हा कोणाला काय सांगू शकेल’ याचा शोध घ्यावा लागतो, आणि असा धागा एखाद्यासाठी सापडतच नसेल तर त्याला दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या माणसांबरोबर बोलवावे. संख्याही त्यामुळे आपोआप मर्यादित राहते. पाच-सहा पाहुण्यांपर्यंत एकच गप्पा चालू शकतात. आठ-नऊ झाले की बैठकीचे दोन तुकडे होतात आणि मधला माणूस धड कोणत्याच तुकड्यात राहत नाही.

गेल्या हिवाळ्यातील दावतीचे उदाहरण देतो, म्हणजे हे स्पष्ट होईल. पाहुणे पाच होते. पहिले आमच्या गावचे मिरचीचे व्यापारी. त्यांची मिरची दळण्याची लहानशी गिरणीही आहे. दुसरे बिहारमधील छपऱ्याकडील एक वडीलधारे गृहस्थ; अक्कलकुव्याच्या जामियात शिकणाऱ्या मुलाला भेटण्यासाठी ते आले होते आणि दोन दिवस नंदुरबारला थांबले होते. तिसरे धडगावकडील एक पावरा शिक्षक, माझे जुने स्नेही. चौथे आमचे शेजारी, रेल्वेतून निवृत्त झालेले हिंदू काका. ते शाकाहारी आहेत आणि गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नाही. पाचवे तेच सुरतेचे भाई. या वेळी मी स्वतः त्यांच्या घरी गेलो होतो. त्या दिवशी माझ्याकडून चूक झाली, हे त्यांच्यासमोर मान्य केले आणि मग आमंत्रण दिले. ते म्हणाले, “येईन, पण माझ्याविषयी काही सांगू नका.” मी म्हणालो, “एक गोष्ट सांगू द्या. यंत्राच्या आवाजावरून त्याचे दुखणे तुम्ही ओळखता, एवढीच.” ते थोडे हसले आणि हो म्हणाले. ओळख करून देताना काय सांगणार आहोत हे आधी त्या माणसालाच विचारता येते, ही साधी गोष्ट मला तोवर सुचली नव्हती.

वेळ ठरवताना एक अडचण होती. हिवाळ्यात मगरिब लवकर होते, आणि सहाच्या सुमारास बोलावले की बैठक जमते न जमते तोच अजान होते. चार माणसे उठून मशिदीकडे जातात आणि दोघे मागे बसून राहतात. परतल्यावर त्या दोघांना पुन्हा बैठकीत सामील करून घेणे फार कठीण जाते, कारण आपण येथले नाही, हे त्यांना तेवढ्या वेळात जाणवलेले असते. म्हणून आम्ही इशाची जमात आटोपल्यावर, आठ वाजताचे आमंत्रण दिले. नमाजही निवांत झाली आणि पुढे कोणाला मध्येच उठावे लागले नाही.

शेजारचे काका सर्वांत आधी आले. पहिला पाहुणा नेहमी अवघडतो. मी त्यांना म्हणालो, “छपऱ्याचे एक मेहमान येत आहेत. ताप्ती-गंगा गाडीने आले आहेत. त्यांना बोलते तुम्हीच करायचे.” ही गाडी सुरतेकडून नंदुरबार, भुसावळ करीत छपऱ्याकडे जाते, काकांचे अर्धे आयुष्य या मार्गावर गेले. बिहारचे गृहस्थ दारात आले तेव्हा मी दोघांचा परिचय करून दिला आणि पाणी आणण्यास आत गेलो. परतलो तेव्हा गाडी कोणत्या स्थानकावर किती उशिरा येते यावर दोघांचे एकमत होत चालले होते. पहिल्या पाहुण्याला दुसऱ्याचा अर्धा यजमान करणे, यासारखा उपाय मला दुसरा ठाऊक नाही.

बसण्याच्या जागेचा विचारही आधी केलेला बरा. भिंतीला टेकून लांब रांगेत बसले की दोन टोकांची माणसे रात्रभर एकमेकांचा चेहरा पाहू शकत नाहीत. दस्तरख्वान आखूड ठेवून दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवावे. काकांसाठी खुर्ची आवश्यकच होती, पण एकटी खुर्ची माणसाला उंचही करते आणि एकटेही. म्हणून तेथे दोन खुर्च्या ठेवल्या आणि दुसरीवर बिहारच्या वडीलधाऱ्यांना बसविले. व्यापाऱ्यांसमोर सुरतेचे भाई, आणि शिक्षक त्या दोघांच्या कडेला. मी स्वतः दाराजवळ बसलो. प्रेषितांच्या (स.) बैठकीचे वर्णन करताना सांगितले जाते की ते प्रत्येकाला त्याचा वाटा देत, आणि त्यांच्याजवळ बसलेल्या कोणालाही आपल्यापेक्षा दुसरा अधिक सन्मानित आहे असे वाटत नसे. आपल्याला एवढे कोठून साधणार! पण निदान खुर्च्या मोजून ठेवता येतात.

वाढण्याच्या बाबतीत आमच्या घरी पूर्वी माझा आग्रह असे की मीच प्रत्येकाच्या ताटात वाढीन. आता मी तसे करीत नाही. सालनाचे वाडगे दोघा-दोघांच्या मध्ये ठेवतो. मग एकाला दुसऱ्याकडे वाडगे सरकवावे लागते, ‘घ्या ना’ म्हणावे लागते, आणि अनोळखी माणसाला उद्देशून पहिले वाक्य बोलले जाते. खाऊनही पोट भरत नाही, अशी तक्रार काही सहाबांनी केली तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना, तुम्ही वेगवेगळे बसून जेवता काय, असे विचारले आणि एकत्र जेवण्यास सांगितले. ही हदीस बरकतीविषयी आहे. एका वाडग्यामुळे माणसे बोलती होतात, हाही त्या बरकतीचाच एक भाग समजण्यास हरकत नसावी. काकांसाठी वांग्याचे भरीत आणि डाळ वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पळीसह होती. ती ‘काकांचे जेवण’ म्हणून बाजूला ठेवली नव्हती. सर्वांसाठी मध्ये होती आणि भरीत सर्वांनीच घेतले. पळी मात्र चुकून सालनात जाऊ नये म्हणून मुलाला लक्ष ठेवण्यास सांगितले होते. येथे निष्काळजीपणा झाला तर पाहुणा तोंडाने काही बोलत नाही. फक्त जेवणे थांबवतो.

व्यापारी आणि बिहारचे गृहस्थ यांच्यासाठी मी मिरचीचा धागा ठेवला होता. त्यांच्या भागात मोठ्या लाल मिरच्यांमध्ये मसाला भरून मोहरीच्या तेलात लोणचे घालतात. आमच्या व्यापाऱ्यांनी आयुष्य मिरचीत घालविले, पण हा प्रकार त्यांनी कधी केला नव्हता. मिरचीची साल किती जाड हवी, ओली घ्यायची की सुकवलेली, अशी विचारपूस सुरू झाली. त्यानंतर मी सुरतेच्या भाईंविषयी ठरलेले ते एक वाक्य बोललो. व्यापाऱ्यांनी मान वळवली. “माझी गिरणी तासाभराने खडखडू लागते, थंड झाली की बरी होते. ते काय असेल?” भाईंनी उत्तर दिले नाही, उलट प्रश्न विचारले. आवाज एकसारखा आहे की राहून राहून? पट्टा नवा आहे काय? ते प्रश्न विचारीत होते आणि गावातील एक प्रतिष्ठित माणूस उत्तरे देत होता. मागील वेळी माझ्या घरात त्यांनी खाली घातलेली मान मी विसरलो नव्हतो.

सर्व काही सुरळीत झाले असे मात्र नाही. थोड्या वेळाने व्यापारी आणि काका अहिराणीत शिरले. खानदेशी माणसाला रंगात आल्यावर अहिराणीखेरीज सुचत नाही. भाई आणि शिक्षक निभावून नेत होते, पण बिहारच्या वडीलधाऱ्यांना एक अक्षर कळेना; ते हसणाऱ्यांकडे पाहून हसत राहिले. तिघांतील दोघांनी तिसऱ्याला वगळून कुजबुज करू नये, कारण त्यामुळे तो दुःखी होतो, ही हदीस आपणास माहीत आहे. तिसऱ्याला न कळणाऱ्या भाषेत बोलणे हेही त्यातच मोडते, असे काही उलेमांनी सांगितले आहे. अशा वेळी ‘हिंदीत बोला’ असे यजमानाने फर्माविणे बरे दिसत नाही. मी बिहारच्या गृहस्थांकडे वळून, काका आत्ता काय म्हणाले ते हिंदीत सांगितले आणि त्यांच्याकडे असे होते काय, ते विचारले. ते बोलू लागताच बाकीचे आपोआप हिंदीवर आले. रात्रीतून हे दोन-तीनदा करावे लागले.

धडगावचे शिक्षक फारसे बोलले नाहीत. त्यांच्याकडील होळीविषयी, बांबूच्या कामाविषयी विचारावे असे मला वाटत होते. पण त्यांचा स्वभाव मला ठाऊक आहे, आणि एखाद्याला त्याच्या जमातीचा प्रतिनिधी करून बोलायला लावणे हेही मिरवण्यासारखेच आहे. ते ऐकत होते, मधूनच एखादा प्रश्न विचारत होते, पोटभर जेवत होते. गप्प राहणारा पाहुणा दुःखी आहे की सुखाने गप्प आहे, हे त्याच्या हातांवरून कळते. दुःखी माणूस दस्तरख्वानाचा कोपरा चाळवतो आणि दाराकडे पाहतो. शिक्षकांनी दुसऱ्यांदा भात घेतला. मी त्यांना त्यांच्या शांततेत राहू दिले.

या सर्व व्यवस्थेत एक बाजू मी विसरलो होतो, ती माझ्या पत्नीने नंतर लक्षात आणून दिली. भाईंच्या आणि व्यापाऱ्यांच्या घरातील स्त्रिया आतल्या खोलीत होत्या. त्याही परस्परांना अनोळखी होत्या. “तुमच्या बैठकीत तुम्ही होता,” ती म्हणाली, “माझ्या बैठकीत मी नव्हतेच. मी तव्याजवळ होते.” गरम भाकरी दस्तरख्वानावर यावी म्हणून ती दीड तास चुलीपाशी उभी होती आणि त्या दोघी एकमेकींकडे पाहत बसल्या होत्या. पाहुण्यांची सरबराई पुरुषांच्या बैठकीपुरती समजणारे आपण पुष्कळ जण आहोत. मीही त्यातलाच निघालो. आता आमच्याकडे अशा दिवशी भाकरीचा हट्ट नसतो. इशापूर्वी शिजवून झाकून ठेवता येईल असे काही, खिचडा किंवा पुलाव, असते, आणि ताटे आत-बाहेर करण्याचे काम मी आणि मुलगा करतो.

परिचय घडवून दिल्यावर यजमानाने काय करावे? हजरत इब्राहीम (अलै.) यांच्याकडे अनोळखी पाहुणे आले तेव्हा ते गाजावाजा न करता हळूच घरात गेले आणि भोजन घेऊन आले, असे पवित्र कुरआनात सांगितले आहे. या हळूच जाण्यातील शिष्टाचार भाष्यकारांनी उलगडला आहे: पाहुण्याला संकोच वाटू नये. मला त्यात आणखी एक सोय दिसते. यजमान समोर असेपर्यंत प्रत्येक जण यजमानाशीच बोलतो. तो थोडा वेळ उठून गेला तरच पाहुण्यांना एकमेकांशी बोलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. मात्र उठण्यापूर्वी त्यांच्या हाती विषय दिलेला असावा. नाहीतर मागे उरते ती शांतता.

भाईंना त्या रात्री नोकरी मिळाली नाही, आणि मिळावी असा माझा डावही नव्हता. ‘सहज जेवायला या’ म्हणून बोलवावे आणि मनात नोकरीचे, उधारीचे किंवा सोयरिकीचे काम ठेवावे, हे मला पाहुण्याची फसवणूक वाटते. काम असेल तर आमंत्रणातच सांगावे. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्यांनी मला दूरध्वनी करून भाईंचा क्रमांक मागितला. मी तो लगेच दिला नाही. आधी भाईंना विचारले, मग दिला. ते गिरणी पाहून आले एवढे मला ठाऊक आहे. पुढे त्या दोघांत काय ठरले ते मी विचारलेले नाही.

त्या रात्री साडेदहाला सर्व जण उठले. सलाम झाले, काकांना मुलाने हात दिला. मी आत येऊन ताटे गोळा करू लागलो. पंधरा मिनिटांनी पत्नीने खिडकीतून पाहिले आणि मला खुणेने बोलावले. फाटकाबाहेर, थंडीत, पाचही जण अद्याप उभे होते. बिहारचे गृहस्थ हाताच्या बोटांनी मिरचीचे पोट कसे चिरायचे ते दाखवीत होते आणि धडगावचे शिक्षक त्यांना काहीतरी विचारीत होते. मी बाहेर गेलो नाही. फक्त ओसरीचा दिवा चालू ठेवला.